१८१ की १८२? भारत सोडण्याच्या वर्षातील दिवसांची मोजणी

पुण्यातला एक सॉफ्टवेअर अभियंता, भारतीय नागरिक, वय चौतिशीचे. आयुष्यभर भारतातच राहिलेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने पुण्यातली नोकरी सोडली आणि सिंगापूरमधल्या कंपनीत रुजू झाला. विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच होता, की आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी तो रहिवासी की अनिवासी. त्याने स्वतः एक्सेलमध्ये हिशेब केला होता आणि त्याचे उत्तर होते १७९ दिवस. १८२ पेक्षा तीन कमी, म्हणजे अनिवासी. निष्कर्ष बहुधा बरोबर होता, पण आकडा चुकीचा होता, आणि त्या आकड्यामागची कारणे तर एकही टिकणारी नव्हती.

त्याचे चार प्रवास असे. मे महिन्यात बँकॉकला सुट्टी. सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी सिंगापूरला प्रयाण. दिवाळीला घरी येऊन परत. आणि मार्चमध्ये नात्यातल्या लग्नासाठी चार-पाच दिवसांची धावती भेट. सगळी विमाने मुंबईहून.

आधी कोणती कसोटी लागू होते ते ठरवणे

दिवस मोजायला बसण्याआधी किती दिवसांची मर्यादा आहे ते नक्की करावे लागते. आयकर कायदा १९६१ च्या कलम ६(१) मध्ये दोन वाटा आहेत. त्या वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस असाल तर तुम्ही रहिवासी. नाही तर दुसरी वाट: त्या वर्षात ६० किंवा अधिक दिवस, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस. या करदात्याची आधीची चार वर्षे जवळजवळ पूर्णच भारतात गेली होती. २०२०-२१ ते २०२३-२४ या काळाचे एकूण १,४६१ दिवस होतात (२९ फेब्रुवारी २०२४ धरून), त्यामुळे ३६५ ची अट केव्हाच पूर्ण झाली. दुसरी वाट जशीच्या तशी लागू झाली असती तर ६० दिवसांवरच तो रहिवासी ठरला असता आणि पुढचा सगळा हिशेब निरर्थक झाला असता.

त्याला वाचवते ते कलम ६(१) चे स्पष्टीकरण १(अ). भारतीय नागरिक एखाद्या वर्षात भारताबाहेर नोकरी करण्यासाठी देश सोडतो, तेव्हा त्या वर्षापुरते ६० च्या जागी १८२ वाचायचे. म्हणून देश कशासाठी सोडला याचा पुरावा दिवसांच्या मोजणीइतकाच मोलाचा आहे. या प्रकरणात सिंगापूरच्या कंपनीचे नियुक्तीपत्र ऑगस्टचे होते आणि वर्क पासची तत्त्वतः मंजुरी प्रयाणाआधीची होती. ही दोन कागदपत्रे फाईलमध्ये सर्वांत वर लावली. पर्यटक म्हणून गेला आणि तिथे गेल्यावर नोकरी शोधली, असे कागदोपत्री दिसले असते तर हा मुद्दा वादाचा झाला असता. स्वतःचा व्यवसाय करायला बाहेर जाणेही या स्पष्टीकरणात बसते असे केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे, पण इथे तो प्रश्नच नव्हता.

एक शंका मात्र रास्त होती. अनिवासी भारतीयांना भारतभेटीच्या वर्षात १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागते, जर त्यांचे परदेशी स्रोत सोडून उरलेले एकूण उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल. या करदात्याचा एप्रिल ते सप्टेंबरचा पुण्यातला पगार १६ लाख २० हजार होता. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावरही ते १५ लाख ४५ हजार राहते. शिवाय दिवाळीत तो सिंगापूरहून भारतात आलाच होता. मग १२० दिवस लागू होणार का? नाही. १२० ची अट ही स्पष्टीकरण १(आ) मध्ये आहे, आणि ते बाहेर राहून भेटीला येणाऱ्यांसाठी आहे. नोकरीसाठी देश सोडल्याच्या वर्षाला १(अ) स्वतंत्रपणे १८२ ची सवलत देते आणि तिला उत्पन्नाची कोणतीही मर्यादा जोडलेली नाही. पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०२५-२६ पासून, त्याने १२० चा आकडा लक्षात ठेवायला हवा.

तेव्हा रेषा १८२ वर. १८१ दिवस झाले तर अनिवासी, १८२ झाले तर रहिवासी.

त्या एका दिवसाची किंमत

रहिवासी ठरला तर तो पूर्णपणे 'सामान्यतः रहिवासी' ठरतो. 'सामान्यतः रहिवासी नसलेला' हा मधला दर्जा मिळायला आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांच्या आत असावा लागतो. जन्मभर इथे राहिलेल्या माणसाला यातले काहीच लागू पडत नाही. म्हणजे मध्ये थांबायची जागाच नाही: एक तर सिंगापूरचा पगार भारतात पूर्ण करमुक्त, नाही तर पूर्ण करपात्र.

पगार होता दरमहा ९,००० सिंगापूर डॉलर, मार्च २०२५ पर्यंत सुमारे सहा महिने. डॉलरला ६३ रुपये धरले तर ५४,००० डॉलरचे साधारण ३४ लाख रुपये होतात. भारतातले उत्पन्न आधीच १५ लाखांच्या वर असल्याने नव्या करप्रणालीत ही सगळी रक्कम ३० टक्क्यांच्या टप्प्यात जाते. चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकरासह कर सुमारे १० लाख ६० हजार. सिंगापूरमध्ये भरलेला कर त्यातून वजा मिळतो, पण तिथले दर बरेच कमी असल्याने मोठा फरक उरतोच, आणि त्या वजावटीसाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. त्यावर परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट. तिथल्या बँक खात्याची नोंद त्यात करावी लागते, आणि ती आर्थिक वर्षाची नव्हे तर ३१ डिसेंबर २०२४ ला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची.

इतके सगळे एका दिवसावर अवलंबून असेल तर तो दिवस कुठून आला हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नोंदी गोळा करणे

करदात्याने आपला तक्ता ईमेलमधल्या तिकिटांवरून बनवला होता. तिकीट म्हणजे प्रवासाचा बेत असतो. माणूस त्या दिवशी खरोखर देशात होता की नव्हता, हे त्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रवासासाठी तीन गोष्टी मागवल्या: पासपोर्टवरचा इमिग्रेशनचा शिक्का, बोर्डिंग पास, आणि विमान प्रत्यक्ष किती वाजता उडाले किंवा उतरले त्याची नोंद. पासपोर्टची प्रत्येक पानाची प्रत घेतली, कोरी पानेही. शिक्के क्रमाने मारलेले नसतात आणि एखादा शिक्का व्हिसाच्या पानाच्या कोपऱ्यात सापडतो.

सिंगापूरच्या बाजूने शिक्के मिळतील अशी आशा ठेवू नये. तिथे वर्क पास असलेल्यांची ये-जा स्वयंचलित मार्गिकांतून होते आणि पासपोर्टवर काही उमटत नाही. भारतातही विश्वासू प्रवाशांसाठीची जलद इमिग्रेशन योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांवर सुरू झाली आहे. जे तिथल्या ई-गेटमधून जातात त्यांनी बोर्डिंग पास जपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी, कारण पासपोर्टच्या पानावर भरवसा ठेवण्याचे दिवस संपत चालले आहेत. या करदात्याने ई-गेट वापरले नव्हते, त्यामुळे मुंबईचे सर्व शिक्के हाती होते.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर तीन ठिकाणी विसंगती दिसली.

पहिली अगदी साधी. मार्चच्या भेटीचे परतीचे तिकीट २३ तारखेचे होते, ते ऐन वेळी २४ चे करून घेतले होते. इनबॉक्समध्ये दोन्ही ईमेल होते आणि तक्त्यात जुनी तारीख गेली होती. इथे एक दिवस वाढला.

दुसरी आणि तिसरी मध्यरात्रीच्या होत्या, आणि त्या जास्त महत्त्वाच्या. सप्टेंबरमध्ये त्याचे विमान मुंबईहून २२ तारखेला पहाटे ००:४० ला उडाले. पण इमिग्रेशनच्या खिडकीसमोर तो २१ च्या रात्री साडेदहाला उभा होता, आणि पासपोर्टवर शिक्का २१ सप्टेंबरचा आहे. बोर्डिंग पासवर तारीख २२. दिवाळीला येताना उलट घडले. विमान २५ ऑक्टोबरला रात्री ११:३५ ला मुंबईत उतरले, रांगेत पाऊण तास गेला आणि शिक्का पडला २६ ऑक्टोबरचा.

यातली कोणती तारीख खरी? कायदा 'भारतात असणे' एवढेच म्हणतो. इमिग्रेशन ओलांडलेला माणूस विमान उडेपर्यंत भारताच्या भूमीवरच असतो, आणि उतरलेला माणूस शिक्का पडायच्या आधीपासून भारतात असतो. शब्दशः पाहिले तर २२ सप्टेंबरची चाळीस मिनिटे आणि २५ ऑक्टोबरची पंचवीस मिनिटे तो भारतातच होता. दुसरीकडे, आयकर अधिकाऱ्याने इमिग्रेशन विभागाकडून माहिती मागवली तर तिथे बहुधा इमिग्रेशन तपासणीचीच तारीख मिळेल, म्हणजे शिक्क्याची. म्हणून दोन्ही तऱ्हांनी मोजून पाहणे भाग होते. आपल्याला सोयीची तारीख उचलणे, म्हणजे जाताना शिक्क्याची आणि येतानाही शिक्क्याचीच कारण ती एक दिवस कमी दाखवते, असे करायचे असेल तर ते निदान जाणीवपूर्वक आणि सर्व ओळींना सारखे लावून करावे.

प्रत्यक्ष मोजणी

भारतातला मुक्काम चार तुकड्यांत पडतो. पहिला १ एप्रिलपासून बँकॉकच्या विमानापर्यंत (१२ मे, सकाळचे). दुसरा २० मेच्या दुपारी परतल्यापासून सिंगापूरला जाईपर्यंत. तिसरा दिवाळीचा, ४ नोव्हेंबरच्या रात्रीच्या विमानापर्यंत. ते नऊच्या सुमारास उडाले, म्हणून तारखेचा घोळ नाही. चौथा मार्चचा, २० ते २४. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरून:

| तुकडा | शिक्क्यांनुसार | विमान उडाले/उतरले त्यानुसार |
|---|---|---|
| १ एप्रिल – १२ मे | ४२ | ४२ |
| २० मे – २१/२२ सप्टेंबर | १२५ | १२६ |
| २६/२५ ऑक्टोबर – ४ नोव्हेंबर | १० | ११ |
| २० मार्च – २४ मार्च | ५ | ५ |
| एकूण | १८२ | १८४ |

दोन्ही रकाने रेषेवर किंवा रेषेपलीकडे. म्हणजे येण्या-जाण्याचे सर्व दिवस धरले तर हा माणूस रहिवासी ठरतो, मग नोंद कोणतीही घ्या.

मग त्याचे १७९ कुठून आले? त्याने प्रत्येक ओळीत शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा केली होती. १२ मे वजा १ एप्रिल म्हणजे ४१, पण दोन्ही दिवस धरले तर तिथे ४२ दिवस आहेत. तारखांची नुसती वजाबाकी प्रत्येक तुकड्यातला एक दिवस गिळते. तिकिटांच्या तारखांवर असे केले की ४१, १२५, १० आणि (चुकीच्या २३ मार्चमुळे) ३, मिळून १७९. दोन्ही टोके धरायची असतील तर सूत्र असे हवे:

```
=B2-A2+1
```

आणि जर येण्याचा दिवस वगळायचा असेल, तर तो फक्त जिथे खरोखर आगमन झाले तिथेच वगळायचा:

```
=B2-A2+IF(C2="arrival",0,1)
```

`C2` मध्ये `arrival` तेव्हाच लिहायचे, जेव्हा त्या तुकड्याची सुरुवात विमानाने झाली. पहिल्या तुकड्याची सुरुवात १ एप्रिलला होते ती आर्थिक वर्ष बदलले म्हणून. त्या दिवशी करदाता कुठूनही आलेला नाही. तो ३१ मार्चच्या रात्री पुण्यातल्या घरीच झोपला होता. म्हणून १ एप्रिल हा दिवस कोणत्याही पद्धतीने वगळता येत नाही. तक्त्यातली ही चूक फार वेळा दिसते, आणि ती पकडायची खूण सोपी आहे: पहिल्या तुकड्याचे दिवस बोटावर मोजून पाहावेत. एप्रिलचे ३० आणि मेचे १२ मिळून ४२ होतात. तक्ता ४१ दाखवत असेल तर सूत्र बिघडले आहे.

आगमनाच्या दिवसाचा वाद

आता प्रकरण ज्या प्रश्नावर टेकले आहे तो प्रश्न: आल्याचा दिवस मोजायचा की नाही? कायद्याच्या मजकुरात याचे उत्तर नाही. कलमात 'दिवस' म्हणजे किती तास, हेही सांगितलेले नाही.

आगाऊ निर्णय प्राधिकरणाने नव्वदच्या दशकात एका अर्जावर मत दिले, की दिवसाचा काही भाग भारतात घालवला तरी तो दिवस भारतातलाच, म्हणून येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरावेत. या मतावर चालले तर या करदात्याचे १८२ किंवा १८४ होतात आणि तो रहिवासी ठरतो.

उलट बाजूला आयकर अपील न्यायाधिकरणाचे निर्णय आहेत. बंगळुरू खंडपीठाने २००९ मध्ये आणि मुंबई खंडपीठाने २०१२ मध्ये आगमनाचा दिवस वगळला. सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाच्या कलम ९ चा आधार इथे कामी येतो: एखाद्या दिवसा'पासून' काळ मोजायचा असेल तर तो पहिला दिवस धरत नाहीत. जाण्याचा दिवस मात्र या निर्णयांनंतरही मोजला जातो. दोन्ही टोके वगळण्याला आधार नाही, आणि दोन्ही वगळून बनवलेला तक्ता अधिकाऱ्यासमोर ठेवला तर बाकीच्या मोजणीवरचाही विश्वास जातो.

आगाऊ निर्णयाचे बंधन अर्जदारावर आणि त्या प्रकरणापुरते खात्यावर असते. तो सर्वांसाठीचा नियम होत नाही, जरी त्याला वजन असले तरी. पुण्याच्या करदात्यासाठी मुंबई खंडपीठाचा निर्णय जास्त जवळचा आहे. म्हणून आगमनाचा दिवस वगळण्याची भूमिका घेणे योग्य आहे असे या प्रकरणात ठरले. तसे करून दोन्ही रकाने पुन्हा मोजले. तीन आगमने आहेत, मे, ऑक्टोबर आणि मार्चचे, म्हणजे तीन दिवस वजा:

शिक्क्यांनुसार १८२ – ३ = १७९.
विमानाच्या वेळेनुसार १८४ – ३ = १८१.

करदात्याच्या आकड्याशी १७९ जुळतो तो निव्वळ योगायोग आहे. त्याच्या तक्त्यात १ एप्रिल चुकून गळला होता, मार्चचा एक दिवस चुकीच्या तिकिटाने गेला होता आणि मध्यरात्रीची विमाने त्याच्या विरुद्ध बाजूला मोजली गेली होती. चुका एकमेकींना झाकत होत्या. उत्तर बरोबर आले म्हणून तक्ता बरोबर मानला असता, तर छाननीत पहिल्याच प्रश्नाला तो कोसळला असता.

दुसऱ्या आकड्याला जास्त महत्त्व दिले, आणि ते मुद्दाम. १८१ हा करदात्याच्या सर्वांत विरुद्ध जाणारा नोंदींचा संच घेऊन आलेला आकडा आहे: विमान उडेपर्यंत आणि उतरल्यापासून तो भारतात होता असे मान्य करूनही. तरीही तो रेषेच्या आत राहतो. म्हणजे मध्यरात्रीच्या दोन्ही विमानांचा वाद करदात्याने पूर्ण सोडून दिला तरी चालते, आणि लढायला एकच मुद्दा उरतो, आगमनाच्या दिवसाचा. त्या मुद्द्यावर न्यायाधिकरण त्याच्या बाजूने आहे. विवाद जितका एका मुद्द्यावर आणता येईल तितका तो टिकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे प्रकरण सुरक्षित नाही. अधिकारी आगाऊ निर्णय प्राधिकरणाचे मत धरून बसला तर कर मागणी निघू शकते आणि ती अपिलात न्यावी लागेल. करदात्याला हे विवरणपत्र भरण्याआधी, रकमेसह, लेखी कळवले गेले पाहिजे, आणि त्याने ते समजून भूमिका निवडली पाहिजे.

विवरणपत्रात आणि फाईलमध्ये काय गेले

विवरणपत्र आयटीआर-२ मध्ये भरले, दर्जा अनिवासी. त्या फॉर्ममध्ये अनिवासी निवडल्यावर राहत असलेला देश आणि तिथला कर ओळख क्रमांक विचारला जातो, आणि भारतीय नागरिकाला त्या वर्षातले व आधीच्या चार वर्षांतले भारतातले एकूण दिवस आकड्यात लिहावे लागतात. तिथे १८१ लिहिले. १७९ लिहिता आले असते, पण फाईलमधल्या सविस्तर तक्त्याशी जुळणारा आणि विरुद्ध नोंदी गृहीत धरूनही टिकणारा आकडा देणे बरे. आधीच्या चार वर्षांचा आकडा अंदाजाने '१,४६१' लिहून चालत नाही. २०२३ मध्ये तो एकदा सुट्टीला परदेशी गेला होता, ते पूर्ण दिवस वजा करून त्याच पद्धतीने मोजलेला आकडा द्यावा लागला. पद्धत दोन रकान्यांत वेगळी झाली तर ते लगेच नजरेत भरते.

सिंगापूरचा पगार कुठे जमा झाला हेही तपासले. अनिवासी असला तरी परदेशातला पगार पहिल्यांदा थेट भारतातल्या खात्यात आला, तर तो भारतात मिळालेले उत्पन्न म्हणून करपात्र होऊ शकतो. नव्या देशात खाते उघडायला वेळ लागतो म्हणून काही जण पहिला पगार पुण्याच्या खात्यात मागवतात; तिथे दिवसांची सगळी मेहनत त्या एका महिन्यापुरती वाया जाते. या करदात्याचा पहिला पगार सिंगापूरच्या खात्यातच जमा झाला होता आणि नंतर त्याने घरी पैसे पाठवले होते. अशी पाठवणी करपात्र होत नाही. बँक खाते अनिवासींसाठीच्या एनआरओ प्रकारात बदलण्याचा प्रश्न परकीय चलन कायद्याचा आहे आणि तिथली व्याख्या वेगळी आहे. आयकरातल्या १८१ चा तिच्याशी संबंध लावू नये.

फाईलमध्ये शेवटी हे राहिले: पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती, सातपैकी मिळालेले पाच बोर्डिंग पास, उरलेल्या दोन विमानांसाठी विमान कंपनीचे प्रवास केल्याचे ईमेल, नियुक्तीपत्र आणि वर्क पासची मंजुरी, पुण्याच्या नोकरीचे कार्यमुक्तीपत्र, आणि एक पानाचे टिपण. टिपणात चारही तुकडे, दोन्ही रकाने, कोणती तारीख कोणत्या कागदावरून घेतली आणि आगमनाचा दिवस का वगळला ते लिहिले. पुढे मागणी निघालीच तर दंडाच्या प्रश्नावर हे टिपण उपयोगी पडते: सर्व तथ्ये उघड केली होती आणि भूमिका प्रामाणिक होती हे त्यावरून दिसते. नोटीस यायची ती उशिराही येऊ शकते, आणि तोवर विमान कंपनीच्या ॲपमधला इतिहास बऱ्याचदा गेलेला असतो. म्हणून हे सारे विवरणपत्र भरायच्या आठवड्यातच करून ठेवायचे.

मार्चच्या भेटीबद्दल एक. ती २० ते २४ मार्चऐवजी १ एप्रिलनंतर झाली असती तर पाच दिवस २०२५-२६ मध्ये गेले असते. शिक्क्यांनुसार एकूण १७७ आणि विमानांच्या वेळेनुसार १७९ राहिले असते, तेही येण्याचे सर्व दिवस धरून. मग आगमनाच्या दिवसाचा वाद उद्भवलाच नसता. लग्नाची तारीख करदात्याच्या हातात नसते हे खरे, पण फेब्रुवारी-मार्चचे तिकीट काढण्याआधी तोवरचा आकडा काढून पाहणे हातात असते, आणि १७० च्या पुढे गेल्यावर ते टाळू नये. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, 'मागील वर्ष' ऐवजी त्यात 'कर वर्ष' आले असले, तरी १८२ ची कसोटी तीच आहे आणि आगमनाच्या दिवसाबद्दल मजकूर आजही गप्पच आहे.